कच्ची प्रश्नपत्रिका 11 तारखेलाच का हवी? परीक्षा विभागाच्या सूचनेचा अर्थ

शिक्षक खोलीच्या फळ्यावर दरवर्षी ऑगस्टअखेर एक कागद लागतो. त्याखाली सगळ्यांच्या सह्या होतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत प्रत्येक जण परीक्षा विभागप्रमुखाला गाठून एकच गोष्ट विचारतो: "सर, सोमवारी दिला तर चालेल ना?" गेली काही वर्षं तो कागद मीच लिहितो. त्यातली प्रत्येक अट कुठून आली हे नव्या शिक्षकांना सांगायची वेळ वारंवार येते, म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढतो आहे.

उदाहरण आमच्याच दहावीच्या प्रथम सत्र परीक्षेचं घेऊ. 2026 साली परीक्षा सोमवार, 12 ऑक्टोबरला सुरू होते असं धरलं, तर सूचना साधारण अशी असेल:

"सर्व विषय शिक्षकांना कळविण्यात येते की, इयत्ता नववी व दहावीच्या प्रथम सत्र परीक्षेच्या कच्च्या प्रश्नपत्रिका पुढीलप्रमाणे परीक्षा विभागाकडे जमा कराव्यात. गणित व विज्ञान (दोन्ही भाग): गुरुवार, 3 सप्टेंबर. भाषा व सामाजिक शास्त्रे: शुक्रवार, 11 सप्टेंबर, दुपारी 4 पर्यंत. प्रश्नपत्रिकेसोबत संविधान तक्ता, आदर्श उत्तरपत्रिका व गुणदान योजना जोडणे आवश्यक आहे. सर्व कागद बंद लिफाफ्यात, लिफाफ्यावर इयत्ता, विषय व स्वाक्षरीसह, प्रत्यक्ष द्यावेत. त्रुटी दाखविलेल्या प्रश्नपत्रिका दुरुस्त करून 21 सप्टेंबरपर्यंत परत कराव्यात. 30 सप्टेंबर व 1 ऑक्टोबर रोजी टंकलिखित प्रत वाचून स्वाक्षरी करावी."

सूचना एवढीच. तरीही प्रश्न परीक्षा 12 ऑक्टोबरला असताना पेपर महिनाभर आधी कशाला, इथूनच सुरू होतो.

तारखा कॅलेंडरवर उलट्या मोजत ठरतात. 12 ऑक्टोबरला सकाळी वर्गावर जाणारी पाकिटं तयार हवीत, म्हणजे 9 आणि 10 तारीख प्रती मोजून पाकिटं सील करण्यात जाते. त्याआधीचे चार दिवस छपाईचे. समजा नववी आणि दहावीच्या प्रत्येकी तीन तुकड्या आहेत आणि एका तुकडीत साठ मुलं. एका इयत्तेचे 180 विद्यार्थी, प्रत्येकाचे नऊ पेपर: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणिताचे दोन, विज्ञानाचे दोन, इतिहास व राज्यशास्त्र आणि भूगोल. दोन इयत्ता मिळून 3240 प्रती झाल्या. प्रत्येक प्रत दोन कागदांची धरली तर 6480 कागद, म्हणजे जवळजवळ तेरा रीम. छापणं हे यंत्राचं काम आहे, ते पटकन होतं. पण पानं लावणं, स्टेपल करणं आणि एखाद्या प्रतीची मागची बाजू कोरी राहिली नाही ना हे पाहणं माणसांनाच करावं लागतं, आणि ती माणसं म्हणजे दोन शिपाई आणि मी.

छपाईच्या आधी 2 ऑक्टोबरची सुट्टी येते. शनिवार, 3 तारीख मी मुद्दाम मोकळी ठेवतो, कारण काही ना काही अडतंच. त्याआधी शिक्षकांचं मुद्रितशोधन, त्याआधी आठवडाभर टंकलेखन आणि त्याहीआधी मसुद्याची तपासणी. या सगळ्याच्या मध्ये 14 सप्टेंबरला गणपती बसतात. सुट्टीत कोणी कोकणात जातं, कोणाच्या घरी गौरी असतात, त्यामुळे गणपतीनंतर द्यायचा असं ठरलेला मसुदा प्रत्यक्षात 21 तारखेच्या पुढेच हाती पडतो. म्हणून 11 सप्टेंबर.

यातली खरी अडचण अशी की उशीर झाला तरी छपाईचे दिवस कमी करता येत नाहीत. यंत्र तेवढाच वेळ घेतं, मुलंही तेवढीच असतात. शिक्षकाने पाच दिवस उशिरा दिलेला पेपर हे पाच दिवस तपासणीतून आणि मुद्रितशोधनातून खातो. नेमक्या याच दोन पायऱ्यांवर चुका सापडतात, त्यामुळे उशिरा आलेला पेपर बहुतेक वेळा चुकीसह छापला जातो. माझा आग्रह तेवढ्यासाठीच असतो.

गणित आणि विज्ञान आधी मागवण्याचं कारण टंकलेखन आहे. मराठीची कृतिपत्रिका टंकलेखक सरळ उतरवत जातो. गणितात वर्गमूळ, अपूर्णांक आणि घातांक येतात, विज्ञानात आकृत्या आणि रासायनिक समीकरणं. एका गणिताच्या पेपरला दोन भाषा-पेपरांएवढा वेळ सहज लागतो, शिवाय चूकही त्यातच जास्त होते. x² चा घातांक खाली उतरून x2 झाला की समीकरणच बदलतं.

आता स्वरूपाकडे येऊ. सूचनेतला सर्वांत नकोसा कागद म्हणजे संविधान तक्ता. कोणत्या प्रश्नात कोणत्या प्रकरणाचे किती गुण, याचा हा चौकटींचा तक्ता असतो. बरेच जण आधी पेपर काढतात आणि मग त्याच्याशी जुळेल असा तक्ता भरून देतात. मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच केलं. तक्ता नेमकं काय पकडतो हे मला दहावीच्या बीजगणिताच्या एका मसुद्यावर कळलं, तो इथे पूर्ण उलगडून दाखवतो.

गणित भाग 1 चा लेखी पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. प्रश्न 1 मध्ये एकेका गुणाचे आठ उपप्रश्न असतात, चार बहुपर्यायी आणि चार साधे, आणि त्यात कुठलाही पर्याय नसतो. प्रश्न 2 मध्ये दोन गुणांच्या तीन कृतींपैकी दोन, नंतर दोन गुणांच्या पाच उदाहरणांपैकी चार. प्रश्न 3 मध्ये तीन गुणांच्या दोन कृतींपैकी एक आणि तीन गुणांच्या चार उदाहरणांपैकी दोन. प्रश्न 4 मध्ये चार गुणांच्या तीनपैकी दोन आणि प्रश्न 5 मध्ये तीन गुणांच्या दोनपैकी एक. सोडवायचे गुण 40, पण पर्याय धरून छापलेले गुण 60.

पहिल्या सत्रात तीन प्रकरणं झाली होती: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी. मसुदा हातात घेतला तेव्हा वाचायला उत्तम होता. उदाहरणं ताजी होती, भाषा स्वच्छ होती. तक्ता मात्र जोडलेला नव्हता, म्हणून मीच तो भरायला बसलो.

छापलेल्या 60 गुणांपैकी वर्गसमीकरणांचे 27 निघाले, श्रेढीचे 21 आणि रेषीय समीकरणांचे फक्त 12. ही विभागणी असमान होती, पण तेवढ्यावरून मी पेपर परत पाठवला नसता. खरी अडचण पुढे दिसली. रेषीय समीकरणांचे ते 12 गुण कुठे बसलेत ते पाहिलं. प्रश्न 1 मध्ये दोन उपप्रश्न. प्रश्न 2 च्या तीन कृतींपैकी एक आणि पाच उदाहरणांपैकी एक. प्रश्न 3 च्या दोन कृतींपैकी एक आणि चार उदाहरणांपैकी एक. प्रश्न 4 आणि 5 मध्ये काहीच नाही. थोडक्यात, प्रश्न 1 सोडला तर हे प्रकरण जिथे जिथे आलं तिथे तिथे ते पर्यायात सोडून देता येत होतं. पहिलं प्रकरण अजिबात न उघडलेल्या मुलाचे फक्त दोन गुण जाणार होते. त्याला 40 पैकी 38 पर्यंत मजल मारता आली असती, आणि रेषीय समीकरणं त्याला येतात की नाही हे परीक्षेतून आम्हाला कळलंच नसतं.

पेपर वाचून हे दिसत नाही. वाचताना प्रत्येक प्रश्न वेगळा वाचला जातो आणि प्रत्येक प्रश्न आपापल्या जागी ठीक असतो. पर्यायांमुळे तयार होणारी पळवाट दिसायला चौकटीच लागतात.

मसुदा काढणाऱ्या मॅडमसोबत बसून आम्ही तीन बदल केले. प्रश्न 2 च्या उदाहरणांतलं वर्गसमीकरणाचं एक काढून रेषीयचं घातलं, म्हणजे पाचात रेषीयची दोन झाली. चार उदाहरणं सोडवायची असल्याने त्यातलं निदान एक करावंच लागतं. प्रश्न 3 च्या दोन्ही कृती रेषीय समीकरणांवरच ठेवल्या, त्यामुळे पर्याय राहिला पण प्रकरण टाळता येईना. प्रश्न 4 मध्ये वर्गसमीकरणाच्या दोन शाब्दिक उदाहरणांपैकी एकाच्या जागी रेषीय समीकरणांचं शाब्दिक उदाहरण आलं. आता विभागणी रेषीय 21, वर्गसमीकरणे 18, श्रेढी 21 अशी झाली. पहिलं प्रकरण सोडणाऱ्याचे आता सात गुण जातात: प्रश्न 1 मधले दोन, प्रश्न 2 मधले दोन आणि प्रश्न 3 मधले तीन. 38 वरून 33. मुलांना पर्याय तेवढाच राहिला, फक्त त्याची जागा बदलली.

तेव्हापासून सूचनेसोबत "तक्ता आधी, पेपर नंतर" असं तोंडी तरी सांगतो. तक्ता तयार पेपरवर बसवायचा म्हटलं की मन आपोआप गुणांची बेरीज जुळवत बसतं, पळवाटा शोधत नाही.

दुसरी अट आदर्श उत्तरपत्रिकेची. इथे शिक्षकांचा आक्षेप असतो की उत्तरं तर आम्हाला येतातच, मग लिहायची कशाला? कारण येणं वेगळं आणि शेवटच्या ओळीपर्यंत सोडवणं वेगळं. अंकगणिती श्रेढीवरचा एक प्रश्न पाहा: "2, 5, 8, … या श्रेढीचे कितवे पद 60 आहे?" दिसायला निर्दोष. पण सूत्रात किमती घातल्या की 2 + (n − 1) × 3 = 60, म्हणून (n − 1) = 58 भागिले 3, आणि n पूर्णांक येत नाही. 60 हे त्या श्रेढीचं पदच नाही. 60 ऐवजी 59 लिहिलं की 57 भागिले 3 म्हणजे 19, आणि उत्तर विसावे पद. फरक एका अंकाचा, तोही बहुधा गोल संख्येच्या मोहातून आलेला. परीक्षेत हुशार मूल इथे अडकतं, आपलंच चुकलं असं समजून तीनदा सोडवतं आणि दहा मिनिटं घालवतं. सूत्र न येणारं मूल प्रश्न सोडून पुढे जातं. चुकीच्या प्रश्नाचा फटका अभ्यास केलेल्या मुलालाच बसतो, ही गोष्ट मला फार लागते.

बहुपर्यायी प्रश्नात चूक वेगळ्या प्रकारे शिरते. एकदा असा प्रश्न होता: खालीलपैकी वर्गसमीकरण कोणते? पर्याय (A) x² + 5 = x(x + 2), (B) 2x + 5 = 0, (C) x(x + 3) = 4, (D) (x − 1)(x + 2) = 0. पहिल्यात दोन्ही बाजूंचा x² जातो आणि रेषीय समीकरण उरतं, तो सापळा छान होता. पण C आणि D दोन्ही वर्गसमीकरणं आहेत. शिक्षकाच्या मनात उत्तर C होतं, D चौथी जागा भरायला घाईत लिहिला होता. म्हणून बहुपर्यायी प्रश्नांसाठी उत्तरपत्रिकेत नुसतं "C" चालत नाही. बाकीचे तीन पर्याय का चूक आहेत, हे प्रत्येकी अर्ध्या ओळीत लिहून मागतो. D का चूक हे लिहायला बसलं की पेन थांबतं.

उत्तरपत्रिकेचा आणखी एक उपयोग वेळ मोजायला होतो. दोन तासांत 40 गुण म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं, आणि त्यात प्रश्न वाचणंही आलं. आमच्याकडचा अंदाज असा की विषय शिक्षकाने न थांबता सोडवलेला पेपर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत संपला पाहिजे. तासभर लागत असेल तर मध्यम मुलाचा पेपर अपुरा राहणार. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, पण वर्गातून आलेल्या अपुऱ्या उत्तरपत्रिका मोजून आम्ही तो पक्का केला आहे. वेळेची नोंद उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात करायला सांगतो.

गुणदान योजना म्हणजे प्रत्येक उत्तराच्या कुठल्या पायरीला किती गुण. पेपर एकाने काढला आणि तीन तुकड्या तिघांनी तपासल्या तर हा कागद नसल्यास तीन वेगळे निकाल लागतात. शाब्दिक उदाहरणात समीकरणं बरोबर मांडली पण आकडेमोड चुकली, तर चारपैकी किती? एक जण दोन देईल, दुसरा तीन. परीक्षा झाल्यावर हे ठरवायला बसलं की समोर विशिष्ट मुलाची उत्तरपत्रिका असते आणि निर्णयात नकळत ते मूल येतं. आधी ठरवलेलं बरं.

लिफाफा प्रत्यक्ष देण्याबद्दल थोडं. हल्ली पेपर संगणकावरच तयार होतात, त्यामुळे फाईल पाठवली तर काय बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली फाँटची. कोणी श्रीलिपीत टंकित करतं, कोणी युनिकोडमध्ये. श्रीलिपीतली फाईल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा खच दिसतो, आणि टंकलेखक अंदाजाने दुरुस्त करू लागला तर त्यातून नवीच चूक जन्मते. फाईल देणार असाल तर युनिकोडमध्ये द्या आणि सोबत कागदी प्रत द्याच, म्हणजे ताडून पाहता येतं. फाईलचं नाव सगळ्यांचं एकाच पद्धतीचं ठेवावं, उदाहरणार्थ:

```
10_GANIT1_SATRA1_2026.docx
```

"नवीन फायनल 2" अशा नावाच्या तीन फाईली आल्या की जुनी प्रत छापायला जाण्याचा धोका असतो, आणि तो प्रकार मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. पेपर फुटण्यामागे दर वेळी कोणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. शिक्षक खोलीतल्या सामाईक संगणकावर व्हॉट्सअॅप वेब उघडं राहतं, डाउनलोड झालेली फाईल त्याच संगणकात पडून राहते आणि तासाला कोणी मुलाला "जा रे, हजेरीची प्रिंट काढून आण" म्हणून पाठवतं. एवढं पुरतं. विषय शिक्षकांच्या गटावर "जरा नजर टाका" म्हणून पाठवलेला पेपर तर वीस फोनांत जातो, आणि त्यातले काही फोन संध्याकाळी घरी मुलांच्या हातात असतात. म्हणून मसुदा दुसऱ्या शिक्षकाला दाखवायचा असेल तर कागद समोर ठेवून दाखवा आणि परत घ्या. पेनड्राइव्हमधली फाईल माझ्यासमोर उतरवून पेनड्राइव्ह रिकामा करा.

तपासणीत मसुदा परत आला तर नवे शिक्षक खट्टू होतात. परत येण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात: उपप्रश्नांचे गुण एकूण गुणांशी न जुळणं, "कोणतेही दोन" लिहून खाली दोनच उदाहरणं देणं, या सत्रात न शिकवलेला भाग येणं. शेवटचं कारण तुकड्यांमुळे घडतं. अ तुकडीत चौथं प्रकरण सुरू झालेलं असतं, क तुकडीत तिसरंही संपलेलं नसतं. म्हणून मसुदा जमा करताना तिन्ही तुकड्यांच्या शिक्षकांनी अभ्यासक्रम कुठवर झाला त्या कागदावर सही करावी, अशी अट यंदापासून घालतो आहे.

टंकलिखित प्रत वाचताना शिक्षक आपण लिहिलेलं मनातून वाचतो, कागदावरचं नाही. यावर एक उपाय आम्हाला लागू पडला आहे. दोघांनी बसायचं, एकाने मूळ मसुदा मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हं आणि गुणांसह, आणि दुसऱ्याने टंकलिखित प्रतीवर बोट ठेवून पाहायचं. एका पेपरला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वजा चिन्ह गळालंय, "नाही" शब्द सुटलाय, आकृतीतला बिंदू P आहे आणि प्रश्नात Q, या चुका याच पद्धतीत सापडतात. सही झाल्यानंतर त्या प्रतीत कोणीही, अगदी मी सुद्धा, परस्पर बदल करायचा नाही.

एवढं करूनही एखादी चूक परीक्षेच्या दिवशी निघते. तेव्हा पर्यवेक्षकाने वर्गात स्वतःच्या मनाने दुरुस्ती सांगू नये, कारण शेजारच्या वर्गात ती पोहोचलेली नसते. मूळ शिक्षक त्या दिवशी शाळेत असावा म्हणून वेळापत्रकात त्याला त्याच्या विषयाच्या पेपरला पर्यवेक्षण न देता राखीव ठेवतो. चूक कळली की तो माझ्याकडे येतो, दुरुस्ती एका कागदावर लिहिली जाते, मुख्याध्यापकांची सही होते आणि शिपाई तो कागद सगळ्या वर्गांत फिरवतो. कोणत्या वर्गात किती वाजता वाचून दाखवला, ते त्याच कागदावर नोंदवलं जातं. अर्ध्या तासानंतर कळलेल्या चुकीसाठी दुरुस्ती फिरवत नाही. त्या प्रश्नाचे गुण कसे द्यायचे ते गुणदान योजनेत लिहून तिन्ही परीक्षकांना देतो, आणि ती योजना आधीच हातात असल्यामुळे हे काम त्याच दुपारी होतं.